जेवताना वाहणारे नाक म्हणजे सर्दी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्यविषयक पुरवणीतील एका लेखात असे म्हटले आहे की, झणझणीत तिखट खाल्ल्यावर येणारा घाम आणि नाकातून वाहणारे पाणी म्हणजे शरीरातील विषारी द्रव्यांचा निचरा होय, आणि म्हणून सर्दी झालेल्यांनी मुद्दाम तिखट खावे. कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून माझे सगळे आयुष्य कोल्हापुरात गेले असल्याने या तक्रारीशी माझा रोजचा संबंध आला आहे. लेखातील विधान चुकीचे आहेच. परंतु अशा समजुतींमुळे काही माणसे वर्षानुवर्षे नको ती औषधे घेत राहतात, हे मला अधिक गंभीर वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मिसळीच्या कटावर जो लाल तवंग असतो त्यात मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य उतरलेले असते, कारण ते तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. गोड, आंबट, खारट ओळखणाऱ्या रुचिकलिकांशी त्याचा संबंध नसतो. ते जाऊन बसते ते जीभ, टाळू आणि ओठ यांच्या त्वचेतील वेदना व उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर. या टोकांवर एक विशिष्ट प्रथिन असते, ज्याला टीआरपीव्ही-१ असे नाव आहे. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान गेले की ते जागे होते आणि ‘भाजते आहे’ असा संदेश मेंदूकडे जातो. कॅप्सेसिन त्याच प्रथिनाला चिकटून, तोंडात काहीही भाजत नसताना, तोच संदेश पाठवायला लावते. हे प्रथिन अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली कॅप्सेसिनच्याच साहाय्याने शोधून काढले, आणि त्या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कॅप्सेसिन चिकटलेले असताना हे प्रथिन कमी तापमानालाही जागे होते, त्यामुळे तोच कट कोमट असताना जितका लागतो त्यापेक्षा उकळता असताना कितीतरी अधिक लागतो, आणि तिखट खाऊन लगेच गरम चहा घेतल्यास तोंडाची आग पुन्हा भडकते.

मेंदूपर्यंत हा संदेश चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारा ट्रायजेमिनल मज्जातंतू नेतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांना तोंडात खरोखर निखारा आहे की मिरची, हे कळण्याचा मार्ग नसतो. तेथून दोन प्रकारचे आदेश निघतात आणि दोन्हींवर आपला ताबा नसतो. पहिला परानुकंपी मज्जातंतूंवाटे नाकाच्या आतल्या ग्रंथींना, अश्रुग्रंथींना आणि लाळग्रंथींना जातो. त्रासदायक पदार्थ धुऊन टाकण्याची ही शरीराची व्यवस्था आहे. डोळ्यांत आलेले पाणीही अश्रुनलिकेतून नाकातच उतरते, म्हणून रुमालावर जे येते त्याचा काही भाग अश्रूंचा असतो. दुसरा आदेश अनुकंपी मज्जातंतूंवाटे घर्मग्रंथींना जातो, कारण भाजण्याचा संदेश आला की अंग थंड करणे हे मेंदूचे ठरलेले उत्तर आहे.

मिसळ खाणाऱ्या माणसाकडे नीट पाहिले तर हा आदेश दिसूही शकतो. चार-सहा घासांतच कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, वरच्या ओठावर आणि केसांच्या मुळांशी घामाचे थेंब उभे राहतात, आणि त्या वेळी त्याचे तळहात आणि पोटऱ्या बहुधा कोरड्याच असतात. पायऱ्या चढून किंवा उन्हात राबून आलेला घाम असा नसतो. तो छातीपाठीवरही तितकाच येतो आणि अंग तापल्यानंतर येतो. तिखटाचा घाम मात्र शरीराचे तापमान वाढण्याची वाट पाहत नाही. सिंगापूरमधील एका अभ्यासात माणसांना मिरच्या चावायला देऊन घाम नेमका कुठे येतो हे तपासले गेले, आणि १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांतही तो मुख्यतः चेहऱ्यावर व डोक्यावर आढळला. त्या घामात पाणी आणि थोडे मीठ याखेरीज फारसे काही नसते. शरीराला नकोशी द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, आणि मिसळ खाल्ल्याने त्यात काही भर पडत नाही.

लाल रंगावरून मात्र या साऱ्याचा अंदाज करू नये. ब्याडगी मिरची रश्शाला गडद रंग देते, पण नाक तितके वाहवत नाही; उलट आमच्याकडच्या पांढऱ्या रश्शात लाल तिखट मुळीच नसते, तरी तो पिताना अनेकांना रुमाल शोधावा लागतो, कारण मिरीतील पायपरीन हे द्रव्यही त्याच प्रथिनाला चाळवते. त्याचप्रमाणे, रोज ठेचा खाणाऱ्याला घाम कमी येतो, कारण वारंवार संपर्काने ती मज्जातंतूंची टोके बधिर होत जातात. माणसामाणसांतील उपजत फरकही असतोच. घाम आला नाही म्हणजे पोटाला त्रास होणार नाही, किंवा फार आला म्हणजे काही बिघडले, असा अर्थ यातून निघत नाही.

आता ज्या रुग्णामुळे मला हे पत्र लिहावेसे वाटले त्याच्याविषयी. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ ‘जुनाट सर्दी’ घेऊन आले होते. त्यांनी दही, केळी आणि थंड पाणी केव्हाच सोडले होते, उशीचे अभ्रे बदलून पाहिले होते, आणि अ‍ॅलर्जीची एक गोळी ते रोज घेत होते. त्यांना मी एवढेच विचारले की नाक वाहते तेव्हा तुम्ही काय करत असता. त्यांच्या पत्नीने तत्काळ सांगितले की ताटावर बसले की सुरू होते आणि हात धुतल्यावर थोड्या वेळात थांबते. पुढची उत्तरेही तशीच होती. पाणी दोन्ही नाकपुड्यांतून येते, ते पातळ आणि स्वच्छ असते, शिंका नाहीत, नाकाला खाज नाही, नाक चोंदत नाही, वास नीट येतो. मी त्यांना काही दिवस जेवणातले पदार्थ आणि रुमाल किती लागला हे वहीत लिहायला सांगितले. वही आली तेव्हा वरण-भाताच्या आणि दूध-भाकरीच्या दिवशी जागा कोरी होती. झुणका-ठेचा आणि तांबडा रस्सा असलेल्या प्रत्येक दिवशी मात्र नोंद होती, आणि सर्वांत मोठी नोंद होती ती रस्सा चुलीवरून थेट ताटात आल्याच्या दिवशी.

हा अ‍ॅलर्जीचा आजार नव्हता. अ‍ॅलर्जीमध्ये हिस्टामिन हे द्रव्य सुटते आणि त्यामुळे शिंका, खाज, चोंदणे असा सगळा परिवार येतो. येथे फक्त मज्जातंतूंचा आदेश आणि ग्रंथींचे पाणी, एवढेच असते. अमेरिकेतील संशोधकांनी १९८९ साली दाखवून दिले की, नाकात आधी अ‍ॅट्रोपिन दिल्यास तिखट खाल्ल्यावर येणारे हे पाणी रोखता येते. अ‍ॅट्रोपिन हे परानुकंपी मज्जातंतूंचा आदेश ग्रंथींपर्यंत पोहोचू देत नाही. मग त्या गृहस्थांना गोळीने थोडा फरक पडतो असे का वाटत होते? त्यांची गोळी जुन्या, झोप आणणाऱ्या प्रकारची होती, आणि या प्रकारच्या गोळ्यांत अ‍ॅट्रोपिनसारखा थोडा गुण असतो. नाकाचे पाणी किंचित कमी होई, पण त्याबरोबर तोंड कोरडे पडे, दुपारी गुंगी येई, आणि त्या वयात लघवी अडकण्याचाही धोका राही. गोळी बंद केली, रस्सा जरा निववून घ्यावा आणि घासाबरोबर दही घ्यावे असे सुचवले, आणि लग्नाकार्यात फारच अडचण वाटली तर जेवणाआधी नाकात मारण्याचा इप्राट्रोपियमचा फवारा लिहून दिला. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी तोही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. दही किंवा दूध सुचवण्याचे कारण असे की दुधातील केसीन हे प्रथिन आणि स्निग्धांश कॅप्सेसिनला जिभेवरून उचलून नेतात. साधे पाणी त्याला धुऊन काढू शकत नाही. दही त्यांनी कित्येक वर्षे विनाकारण वर्ज्य केले होते, याचे मला फार वाईट वाटले.

राहिला प्रश्न सर्दीचा. सर्दीत तिखट रस्सा प्याल्यावर घट्ट शेंबूड पातळ होऊन काही वेळ मोकळे वाटते, हा अनुभव खरा आहे. पण विषाणूवर त्याचा काही परिणाम होत नाही. ज्यांना पचते त्यांनी रस्सा जरूर प्यावा, मात्र औषध म्हणून लहान मुलांवर त्याची सक्ती करू नये.

तिखटाशी संबंध नसलेली काही लक्षणे या सवयीच्या घामात आणि पाण्यात हरवून जातात, ती वाचकांपर्यंत पोहोचणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. कानासमोरील लाळग्रंथीची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला काही महिन्यांनी जेवताना त्याच बाजूच्या गालावर घाम आणि लाली येऊ लागते, मग खाणे गोड असो वा आंबट. लाळग्रंथीकडे जाणारे तुटलेले मज्जातंतू वाढताना चुकून घर्मग्रंथींना जोडले जातात. पोलंडच्या लुच्या फ्राय यांनी १९२३ साली या विकाराचे नीट वर्णन केले. गालाला आयोडीन लावून वर स्टार्चची भुकटी टाकली आणि रुग्णाला लिंबू चोखायला दिले, तर घाम येतो तेवढाच भाग काळा-निळा होतो आणि निदान डोळ्यांदेखत होते. बराच काळ मधुमेह असलेल्यांना सौम्य जेवणानेही चेहरा-मानेवर घाम येत असेल, तर त्यांनी तो आपल्या डॉक्टरांना सांगावा. आणि डोक्याला मार लागल्यानंतर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा द्रव येत असेल, विशेषतः पुढे वाकल्यावर, तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो; अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपल्या पुरवणीत निचऱ्याविषयीच्या त्या विधानाची दुरुस्ती छापावी, आणि जागा असल्यास तिच्यासोबत हे शेवटचे तीन प्रकारही द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक
(निवृत्त कान-नाक-घसा तज्ज्ञ), कोल्हापूर