दादाला तू एकदा फोन करच

प्रिय विन्या,

तब्येत बरी आहे, गुडघा कुरकुरतो, पण ते चालायचंच. लिहायचं कारण वेगळं आहे. दादा घराच्या भिंतीला भोकं पाडायला निघालाय आणि हे दुःख तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

पुढच्या खोलीच्या खिडकीखाली ओल आली. ठेकेदार आला, भिंतीवर टिचकी मारली आणि "डीपीसी गेली", म्हणजे जमिनीची ओल अडवणारा जोत्यावरचा थर निकामी झाला, असं जाहीर करून मोकळा झाला. आता म्हणे जोत्याच्या वर ओळीने भोकं पाडून आत रसायन भरायचं. दादाने लगेच मान डोलावली. मी विचारलं, जमिनीतून चढणारी ओल खिडकीखाली येऊन थांबते कशी? दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की शमाच्या लग्नात आपण मांडवाचा खांब हलवून बघितला होता तो प्रसंग आठवला.

तो डाग नीट बघ म्हटलं तर एका नजरेत कळतं. वर खिडकीच्या सिलपाशी गडद आणि खाली जाताना पुसट. पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी ठळक होतो, उघडीप मिळाली की फिकटतो. जमिनीची ओल अशी येत-जात नाही.

मग तांब्याभर पाणी सिलवर हळूहळू ओतलं आणि खाली वाकून बसलो. सिल भिंतीबाहेर चांगली दोन इंच आलेली आहे, उतारही बाहेरच्या बाजूला आहे, म्हणजे पाणी कडेवरून खाली पडायला हवं. पडत नव्हतं. कडेवरून वळून सिलच्या पोटाला चिकटत होतं आणि सरकत सरकत भिंतीपर्यंत जाऊन सांध्यात शिरत होतं. पोटाला खिळ्याने खरवडलं तर पुट्टी निघाली, तिच्याखाली रंगाचे थर आणि त्याखाली आपली खाच! गेल्या रंगकामात कुणीतरी "साफ फिनिश" देण्यासाठी ती बुजवून टाकली होती. तीच खाच, जिला तू वसतिगृहात "दगडाला काढलेली भांगरेषा" म्हणायचास आणि मी रात्रभर भांडलो होतो. आता तरी मान्य कर.

बाहेरच्या कडेपासून इंचभर आत, अर्धा इंच रुंद आणि जवळपास तेवढीच खोल, एवढंच तिचं प्रकरण. पोटाला चिकटून आलेल्या थेंबाला पुढे जायचं तर खाचेत उलटं वर चढावं लागतं. ते त्याला जमत नाही, मग तो कडेलाच जड होऊन सुटतो. पण त्यासाठी खाचेची धार तीक्ष्ण हवी. गोल झाली की थेंब तिच्यावरून वळतो. छज्ज्याची खाच भिंतीच्या दीड-दोन इंच अलीकडे थांबवतात तेही यासाठीच, नाहीतर तीच पन्हळ होऊन पाणी भिंतीत सोडते. मी छिन्नीने साफ केली. पुढच्या पावसात सिलच्या बाहेरच्या कडेखाली थेंबांची सरळ रांग पडत होती.

एवढ्यावर मिटलं असतं, पण त्याच भिंतीच्या तळाशी दुसरं दुखणं आहे, आणि ठेकेदाराला तिथेच बोट ठेवायला मिळालं. तिथे लोणा आहे, आडव्या रेघेत, कोरड्या दिवसांतही. पण डीपीसी गेलेली नाही. मागच्या दोन भिंतींना तोच थर आहे आणि त्या खडखडीत आहेत. फरक काय, तर पुढच्या बाजूला बाहेर दादाने नवी फरशी घातली आणि ती डीपीसीच्या वर चार बोटं आली. शिवाय बाहेरचा गिलावा थेट फरशीपर्यंत उतरवलाय. म्हणजे पाण्याला थर भेदायची गरजच नाही, गिलाव्यातून त्याला वळसा घालून वर जातं. फरशीवर आपटून उडणारं पाणीही भिंतच पिते. डीपीसी जमिनीपासून सहा इंच वर हवी ती म्हणूनच.

माझं म्हणणं एवढंच: भिंतीलगतची फरशीची पट्टी उखडून खाली घ्या, गिलावा डीपीसीच्या वर कापून त्याची खालची कड बाहेर काढा, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. आतला लोणा लागलेला गिलावाही काढावा लागेल, कारण क्षार हवेतली ओल ओढत राहतात. आणि थांबा. भिंत इंचाला साधारण महिना या हिशेबाने वाळते. नऊ इंची भिंतीला दादाने पंधरवड्यात रंग दिला तर तो पोपडे धरणारच. पण फरशी उखडायची म्हटलं की त्याचा चेहरा बघवत नाही, आणि भोकं पाडणं म्हणजे त्याला "इलाज" वाटतो.

तुझ्या बदलीचं कळलं, अभिनंदन. वहिनींची परीक्षा झाली का? चिरंजीव बोलायला लागले असतील. त्याचे फोटो पाठव, मागे पाठवलेस त्यात सगळीकडे तुझाच अंगठा आहे.

दादा माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. का ते मला आजवर कळलेलं नाही. ठेकेदार सोमवारी मशीन घेऊन येणार आहे. रविवारी सकाळी दादाला फोन कर. डीपीसीचं नाव सुरुवातीला काढू नकोस, आधी फरशीचं कौतुक कर आणि मग तिच्या उंचीवर ये.

तुझा,
बाळ्या