विषय: बंद केलेल्या सभासदत्वाचे पैसे कापणारे नॅच मॅन्डेट रद्द करण्याबाबत

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
गंगापूर रोड शाखा, नाशिक

कॉल सेंटरने आज पुन्हा "मर्चंटशी बोला" म्हणून फोन ठेवला, म्हणून हे लेखी देत आहे. व्यायामशाळेचे सभासदत्व मी मार्चमध्ये रद्द केले. त्यांनी तसे कळवल्याचा ईमेल सोबत आहे. तरी दर महिन्याच्या 5 तारखेला माझ्या खात्यातून 1,499 रुपये जातात.

युपीआय अ‍ॅपमधून ऑटोपे बंद करा, असे मला सांगितले जाते. तिथे हे मॅन्डेट दिसतच नाही, कारण ते युपीआयचे नाही. पासबुकातली नोंद ACH ने सुरू होते, म्हणजे ते नॅचचे आहे. नेटबँकिंगने मंजूर झालेले हे मॅन्डेट तुमच्याच सिस्टीममध्ये आहे. त्याचा यूएमआरएन सोबतच्या अर्जात लिहिला आहे.

जूनमध्ये तुमच्या शाखेने स्टॉप पेमेंट घेतले. त्याने फक्त त्या महिन्याची रक्कम अडली. मॅन्डेट तसेच चालू राहिले आणि जुलैत पैसे पुन्हा गेले.

त्यानंतर काउंटरवर जे ऐकले ते मी विसरणार नाही. अधिकारी म्हणाले, "मर्चंटने रद्द केल्याशिवाय आम्हाला काही करता येत नाही." मी विचारले, खाते माझे की मर्चंटचे? त्यावर ते म्हणाले, "मग असं करा काका, 5 तारखेला खात्यात पैसेच ठेवू नका." रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकले. माझी पेन्शन महिनाअखेरीस याच खात्यात येते. ती काढून घरात ठेवायची का? आणि खाते रिकामे असताना मॅन्डेट आले, तर तुम्हीच 500 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590 रुपये परतावा शुल्क लावता. 1,499 वाचवायला 590 भरा, असा सल्ला बँक देते!

खातेदाराच्या विनंतीवरून नॅच मॅन्डेट रद्द करणे हे त्याच्या बँकेचे काम आहे, मर्चंटच्या मर्जीचे नाही. म्हणून स्टॉप पेमेंट नको, पूर्ण मॅन्डेट रद्द करा. या पत्राच्या प्रतीवर तारखेसह पोच द्या आणि रद्द झाल्याचे लेखी कळवा.

मार्चनंतर गेलेली रक्कम मी व्यायामशाळेकडून वसूल करीन. मात्र आजच्या अर्जानंतर एक रुपयाही गेला, तर तो बँकेने भरून द्यायचा. 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करणार आहे.

निवृत्तीचे सगळे पैसे विश्वासाने या शाखेत ठेवले. पुढच्या 5 तारखेला पुन्हा कपात झाली, तर ठेवी मोडून दुसरीकडे नेईन.

आपला खातेदार

सोबत: व्यायामशाळेचा ईमेल, पासबुकाच्या प्रती, मॅन्डेट रद्द करण्याचा अर्ज