वेळापत्रकावर पेन्सिल फिरवणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

शाहू स्मारकच्या आवारात चित्रपट महोत्सवाचं वेळापत्रक घेऊन उभी असताना मी तुम्हाला सहज विचारलं होतं, "एकच दिवस रजा आहे, काय काय बघू?" तुम्ही खिशातली पेन्सिल काढलीत आणि चहा निवेपर्यंत माझा अख्खा दिवस आखून दिलात. त्यासाठी मनापासून आभार. त्या वेळी गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र. तुम्ही सांगितलेलं इतरांनाही कळावं, हाही हेतू आहेच.

सगळ्यांत आधी तुम्ही विचारलंत, "ह्यातला कुठला सिनेमा परत लागणार हाय, ते बघितलंस का?" मग आपण वेळापत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. महोत्सवात एकदाच दाखवले जाणार होते त्यांना गोल, दुसऱ्यांदा लागणार होते त्यांच्यावर बारीक टिंब, आणि महिन्याभरात थिएटरात किंवा मोबाईलवर येतील अशांवर सरळ काट. अमुक सिनेमा गाजलाय, तमुकला पारितोषिक मिळालंय, हे तुम्ही त्यानंतर पाहिलंत. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण गाजलेल्या सिनेमाच्या रांगेत तास घालवून तोच पुढच्या महिन्यात घरी बघता येतो. जुन्या सिनेमाची दुरुस्त केलेली प्रत मोठ्या पडद्यावर पुन्हा कधी दिसेल, ते कुणी सांगावं!

मग आला हिशेब. सकाळी दहाचा सिनेमा १०४ मिनिटांचा, दिग्दर्शक स्वतः हजर. पुस्तिकेतल्या मिनिटांवर जाऊ नकोस, म्हणालात. सुरुवातीच्या परिचयाला दहा मिनिटं धर, शेवटच्या प्रश्नोत्तरांना वीस. म्हणजे बाहेर पडायला सव्वाबारा. पुढचा खेळ साडेबाराचा, १३० मिनिटांचा. पासावर खुर्ची राखून ठेवलेली नसते, त्यामुळे बाराला रांगेत उभं राहायचं तर दिग्दर्शकाशी संवाद सोडावा लागणार. शिवाय तो संपणार पावणेतीनच्या पुढं आणि तीनचा खेळ लगेच दारात. जेवण कुठं बसवायचं? साडेबाराच्या खेळावर टिंब होतं, म्हणजे तो पुन्हा लागणार होता. तुम्ही तो खोडलात आणि तिथं लिहिलंत, 'भाकरी, पिठलं, दही'. तांबडा-पांढरा रस्सा रात्रीसाठी ठेव, असंही बजावलंत. पोटभर रस्सा ओरपून तीन वाजता अंधारात आणि एसीत बसलं की कोल्हापूरचा माणूस जागा राहत नाही, हे तुमचं म्हणणं अगदी खरं.

तीन वाजताची निवड मला अवघड वाटत होती. एका पडद्यावर जवळजवळ तीन तासांचा, लांबलचक शॉट्सचा, फारसे संवाद नसलेला सिनेमा होता. दुसऱ्यावर ९५ मिनिटांची गुन्हेकथा. माझा ओढा पहिल्याकडं होता. तो शनिवारी सकाळी दहालाही आहे, हे तुम्ही शोधून दाखवलंत. दुपारी दोन ते चार शरीर आपोआप मंदावतं, जेवण हलकं असलं तरी. संथ सिनेमाला सकाळचं ताजं डोकं द्यावं, दुपारी कथेनं ओढून नेणारा बघावा. गुन्हेकथा पावणेपाचला संपली आणि साडेपाचच्या खेळाआधी दसरा चौकातून एक फेरी मारता आली. बसून आखडलेली पाठ मोकळी झाली, डोळ्यांनाही लांबचं दिसलं. सबटायटल्स वाचताना पापण्या लवायच्या कमी होतात, म्हणून डोळे चुरचुरतात, हे तुमच्याकडूनच कळलं. मागच्या रांगेत मध्यभागी बसायचा सल्लाही फार कामाचा. मान वर न करता ओळी आणि चेहरे दोन्ही दिसतात.

साडेपाचला ती एकदाच लागणारी जुनी, दुरुस्त केलेली प्रत. ते दोन तास मी कधीच विसरणार नाही.

आठचा खेळ तुम्ही पेन्सिलीनं पुसट लिहिला होता. "आत जायच्या आधी सकाळच्या सिनेमाची गोष्ट मनातल्या मनात क्रमानं सांग. दुपारच्यातली माणसं त्यात शिरायला लागली की घर गाठ." पावणेआठला मी तसं करून पाहिलं. सकाळचा म्हातारा आठवला, पण त्याच्या हातात दुपारच्या सिनेमातली बंदूक होती! मी घरी गेले. शनिवारी सकाळी तो संथ सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत जागेपणी पाहिला.

यंदा नणंदही येणार आहे. मुलांना शाळेत सोडून, त्यांना आणायच्या आत तिला दिवसाला एकच सिनेमा बघता येईल. वेळापत्रक आलं की आम्ही दोघी तुम्हाला शोधू. पेन्सिल आणि चहा आमच्याकडून.

तुमची,
शाहूपुरीतली एक प्रेक्षक