रात्रपाळीचं पित्त: प्रश्न ताटातला कमी, घड्याळातला जास्त

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत रात्रपाळीवाल्यांच्या पित्तावर आलेला सल्ला वाचला. तिखट कमी, तेलकट बंद, चहा मोजून. सगळं खरं, पण अकरा वर्षं रात्रपाळी केल्यावर मला वाटतं की 'काय खावं' हे सांगताना 'केव्हा खावं' हे राहून गेलं.

माझी पाळी रात्री १० ते सकाळी ६. जेवणाची सुट्टी अडीच वाजता. भरपेट जेवायचो, सातला घरी येऊन आडवा व्हायचो आणि तासाभरात छातीत जळजळ, करपट ढेकरा. गंमत म्हणजे तेच जेवण सुट्टीच्या दिवशी दुपारी निमूट पचायचं. मग दोष जेवणाचा कसा?

शरीरातलं मुख्य घड्याळ मेंदूत असतं आणि ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागतं, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण जठर, आतडी, यकृत आणि स्वादुपिंड यांच्या पेशींतही त्याच जनुकांची घड्याळं चालतात. मेंदूचा इशारा तीही ऐकतात, पण त्यांच्यावर जेवणाच्या वेळेची पकड फार मोठी. जिनिव्हातल्या संशोधकांनी २००० साली उंदरांना फक्त दिवसा, म्हणजे त्यांच्या झोपेच्या वेळी, खायला घातलं. काही दिवसांत त्यांच्या यकृताचं घड्याळ उलटं फिरलं, मेंदूचं मात्र जागचं हललं नाही. एकाच शरीरात दोन वेळा! रात्रपाळीवाल्याचंही तसंच होतं. घरी परतताना सकाळचं ऊन मेंदूला 'दिवस उजाडला' म्हणून सांगतं आणि अडीचचं ताट आतड्यांना 'जेवणाची वेळ झाली' म्हणून. त्यात आठवड्याला पाळी बदलली की दोघांचाही मेळ बसायच्या आत गणित पुन्हा विस्कटतं.

आता ते अडीचचं ताट बघा. जठरातलं आम्ल रिकाम्या पोटीही दिवसभर सारखं नसतं. साधारण रात्री १० ते २ या वेळात ते सर्वांत जास्त असतं. उलट घट्ट अन्न जठरातून पुढे सरकण्याचा वेग रात्री मंदावतो. भरल्या ताटाला दिवसाही चारेक तास लागतात. म्हणजे सातला मी आडवा व्हायचो तेव्हा अन्न आणि आम्ल दोन्ही पोटात असायचं, आणि झोपल्यावर ते वर यायला चढ उरत नाही. मोठ्या आतड्याची हालचालही रात्री जवळजवळ थांबते आणि सकाळी जाग आल्यावर जोर धरते. आम्ही नेमके त्याच वेळी झोपायला जातो. 'पोट साफ होत नाही' या तक्रारीचं एक मूळ इथे आहे.

भुकेचं कोडं मला जास्त छळायचं. रात्रभर राबून सकाळी घास नको वाटायचा आणि संध्याकाळी मात्र दिसेल ते खावंसं. घरचे म्हणायचे, नखरे आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेत १२ निरोगी माणसांना मंद उजेडात २० तासांच्या 'दिवसा'वर ठेवून पाहिलं, म्हणजे झोप आणि जेवण घड्याळाच्या प्रत्येक वेळेला येऊन गेलं. तरीही भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त निघाली. त्यात अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं, तृप्ती सांगणारं लेप्टिन उतरतं. नखरे नव्हते तर!

मी केलेला बदल साधा आहे. मुख्य जेवण रात्री साडेआठला, घरून निघण्याआधी. मध्यरात्रीनंतर फारच लागलं तर थोडंसं काहीतरी, पोटभर नाही. सकाळी हलकं खाऊन मगच झोप. तीन आठवड्यांत जळजळ बरीच उतरली. हा एका माणसाचा अनुभव, पुरावा नव्हे. २०२१ च्या एका प्रयोगात १९ जणांना कृत्रिम रात्रपाळी करायला लावली, तेव्हा फक्त दिवसा जेवणाऱ्यांची रक्तातली साखर बिघडली नाही, रात्रीही जेवणाऱ्यांची वाढली. पण ती साखरेची गोष्ट, आम्लपित्ताची नव्हे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचं खाणं बंद करू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि काळी शौच, घास अडकणं किंवा विनाकारण वजन उतरणं असेल तर पाळीला दोष देत बसू नये, तपासून घ्यावं.

राहता राहिलं आमचं कॅन्टीन. तिथे पूर्ण जेवण अडीचलाच मिळतं, पाळी सुरू होताना फक्त चहा. दूरवरून येणारे सहकारी सहालाच घर सोडतात, त्यांना माझ्यासारखं साडेआठला घरी जेवता येत नाही. ताट साडेनऊला आणि हलकं खाणं अडीचला, एवढी अदलाबदल करा असा अर्ज आम्ही दोनदा दिला. दोन्ही वेळा उत्तर आलं, 'आचारी दहाला येतो.'

आपला,
एक रात्रपाळी कामगार