तो रिपोर्ट आणि ते इंजेक्शन

चि. अमोघ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी ओरडलो, ते चुकलंच. तू एवढंच विचारलं होतंस, "बाबा, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली तर?" आणि मी तुझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. आई तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलते. लिहिताना आवाज चढत नाही, म्हणून पत्र.

रेवतीने पाठवलेला तुझ्या वीर्यतपासणीचा रिपोर्ट मी तीनदा वाचला. तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून हेच मोजलं, पण वर मुलाचं नाव असलं की नजर आकड्यावर ठरत नाही.

वीर्य २.२ मिली, म्हणजे पुरेसं. एका मिलीत शुक्राणू ९० लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. पण तू एकूण आकडा बघ. २.२ गुणिले ९० लाख म्हणजे जवळपास २ कोटी, आणि तिथली मर्यादा ३ कोटी ९० लाख. पुढे सरकणारे २२ टक्के, हवेत ३०. आकार नीट असलेले ३ टक्के; हा आकडा वाचून तू घाबरलास, असं रेवती म्हणाली. अरे, तिथली मर्यादाच ४ टक्के आहे. शंभरातले नव्वदहून जास्त वेडेवाकडे असणं नेहमीचंच.

आणि या मर्यादा आल्या कुठून? ज्यांच्या घरी वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांचे नमुने मोजले आणि त्यातल्या सर्वांत खालच्या ५ टक्क्यांपाशी रेघ ओढली. म्हणजे रेघेखालीही बाप झालेले आहेत. रेघेखाली शक्यता कमी होते, संपत नाही.

आता मला खरं खटकलं ते सांगतो. नमुना दिलास त्याच्या सहा आठवडे आधी तू तापाने पडला होतास. चार दिवस १०३. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, वर बाहेर पडेपर्यंतचा वेळ वेगळा. तापाच्या दिवसांत जे घडत होते, तेच त्या नमुन्यात आले. त्यामुळे हा रिपोर्ट तुझा कमी आणि त्या तापाचा जास्त असू शकतो. ताप जाऊन तीन महिने झाले की पुन्हा तपासणी कर. त्याआधी २ ते ७ दिवस संयम, आणि दोन्ही वेळा दिवस सारखेच ठेव. नमुना तासाभरात तपासला गेला पाहिजे. थोडा सांडला तर लाजू नकोस, सांग. पहिल्या थेंबांतच शुक्राणू सर्वांत जास्त असतात, तेच गेले तर आकडा खोटा पडतो. कितीतरी मुलं हे लपवायची.

तोवर ते इंजेक्शन नको. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे. मग तो वृषणांकडे जाणारे हुकूमच थांबवतो. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाढतं, अंगात ताकद वाटते, पण आत शुक्राणू बनणं बंद पडतं. काउंट शून्यावर आलेले, पीळदार शरीराचे तरुण मी पाहिलेत. बंद केल्यावर बहुतेकांचा परत येतो, पण महिने जातात, कधी वर्षाच्या वर.

बघ, पुन्हा भाषण झालं.

दुसराही कमी आला तर युरॉलॉजिस्टकडे जा. त्यांनी उभं करून तपासायला हवं, कारण व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, झोपल्यावर लपतात. रक्तातलं एफएसएच हे संप्रेरक आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन बघतील. सिगारेट मात्र आजच सोड. रेवतीच्या तपासण्या तुझ्यासाठी थांबवू नका, आणि तिच्या एकटीवरही टाकू नका.

हे शेवटचं मी कोणत्या तोंडाने लिहितोय, ते तुला माहीत नाही. तुझ्याआधीची चार वर्षं तुझी आई एकटी दवाखाने फिरत होती. मी रोज दुसऱ्यांचे नमुने मोजत होतो आणि स्वतःचा दिला नाही. शेवटी दिला, तोही नाव बदलून. आकडा तुझ्यापेक्षा बरा नव्हता. तू त्यानंतर दीड वर्षाने झालास. आईला मी हे आजवर सांगितलेलं नाही. हे पत्र पाकिटात घालायच्या आधी सांगेन.

तू दुसऱ्याच दिवशी रिपोर्ट रेवतीच्या हातात दिलास. मला चार वर्षांत ते जमलं नव्हतं.

आणि एक विचारतो. त्या जिमवाल्याकडून एखादं इंजेक्शन आधीच घेतलंयस का? घेतलं असशील तर कधी, किती, ते डॉक्टरांना सांग, आणि मलाही. मी ओरडणार नाही.

तुझा,
बाबा