उद्या चौथा आकडा

प्रिय शमे,

तीन महिने उत्तर नाही, म्हणजे तू रुसली असशीलच. वहीच्या भांडणानंतर इतकी कधी रुसली नव्हतीस. (वही तूच हरवलीस, मी अजूनही तेच म्हणते.) माझी तब्येत ठीक आहे. निदान वरवर तरी.

दिवस राहिल्याचं तुला कळवणारच होते. दहाव्या आठवड्यात सोनोग्राफीला गेले. उलट्यांनी हैराण, पोटही दिवसांच्या मानाने मोठं. डॉक्टरांनी आधी पडदा माझ्याकडे वळवला होता, मग हळूच स्वतःकडे फिरवला. तेवढ्यात मी पाहिलंच होतं : पांढुरक्या दाण्यादाण्यांत काळी भोकं, स्पंज असावा तसं. बाळ नाही, ठोका नाही. द्राक्षगर्भ म्हणाले, म्हणजे बाळाऐवजी वारेच्याच पेशी द्राक्षांच्या घोसासारख्या फुगत जातात. रक्तातलं गर्भाचं संप्रेरक, बीटा एचसीजी, १,८६,०००. तेव्हा उलट्यांचं कारणही कळलं.

सक्शनने पिशवी रिकामी केली. काढलेलं तपासायला गेलं, तर 'कम्प्लीट मोल', पूर्ण द्राक्षगर्भ. म्हणजे बीजात माझं केंद्रकच नव्हतं, गुणसूत्रं सगळी नवऱ्याचीच. आक्का म्हणाली, "तरीच हट्टी!" मी हसले, आणि मग रात्रभर रडले.

खरी काळजी त्यानंतरची. पिशवीत राहिलेल्या पेशी कधी कधी पुन्हा वाढू लागतात. कम्प्लीट मोलमध्ये साधारण शंभरात पंधरा-वीस जणींना असं होतं. ते पोटाला कळत नाही, रक्ताला कळतं. म्हणून दर आठवड्याला तपासणी, तीही एकाच लॅबमध्ये, कारण लॅब बदलली की आकडाही थोडा हलतो. माझे बीटा एचसीजीचे आकडे असे : ९,४००, २,१००, ७८०, ४१२. घरात जल्लोष! मग ४०५. आणि मागच्या आठवड्यात ४१८.

मी घाबरून फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, आकडा एकदोनदा अडकला म्हणून काही ठरत नाही. तीन आठवड्यांत चार आकडे दहा टक्क्यांच्या आतबाहेर राहिले, तरच तो अडकला म्हणायचा. चौथा उद्या.

तो अडकलाच तर छातीचा एक्सरे, पुन्हा सोनोग्राफी, मग धोक्याचे गुण मोजायचे. गुण कमी आले तर पेशींची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्झेटची इंजेक्शनं, त्याने भागलं नाही तर दुसरं औषध, आणि शेवटी जवळजवळ सगळ्याच बऱ्या होतात, पिशवीही राहते. उतरला, तर शून्यासारखा होईपर्यंत आठवड्याला आणि नंतर काही महिने महिन्याला रक्त. तोवर गर्भ न राहण्याच्या गोळ्या चालू, कारण नवा गर्भ राहिला तरी हाच आकडा चढतो आणि कोणामुळे चढला ते कळत नाही. हे समजावल्यावर आमचे हे म्हणाले, "मी बाहेरच्या खोलीत झोपू का?" वेडा आहे.

तुझी बदली झाली का? छकुलीचे दात? सगळं सविस्तर लिही.

रिपोर्ट संध्याकाळी सहाला येतो. तू सव्वासहाला फोन कर. मी उचलला नाही तर पुन्हा कर.

तुझी,
माली