आडनाव आधी की नाव आधी?

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला परदेशी शिक्षणाचा लेख वाचला. छान. पण 'सर्व कागदपत्रांवरील नाव जुळते ना, याची खात्री करावी' या एका ओळीत विषय संपवलात, आमचं त्या एका ओळीत सहा महिने आणि परीक्षेची फी गेली.

आपल्या बोर्डाच्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, मग मुलीचं नाव, मग बापाचं. म्हणजे क्षीरसागर वैष्णवी सुनील. लेकीने मार्कशीट समोर ठेवून फॉर्म भरला, डावीकडून उजवीकडे, फर्स्ट नेम क्षीरसागर, मिडल वैष्णवी, लास्ट सुनील! युनिव्हर्सिटीचं पहिलं ईमेल आलं ते 'डिअर मिस सुनील'. आम्ही हसलो. पण इंग्रजीच्या परीक्षेचं बुकिंगही तसंच केलेलं, तिथे सेंटरवर पासपोर्ट बघून परत पाठवलं तेव्हा हसू थांबलं. त्या दिवशी तिथे नाव बदलून मिळत नाही, कितीही गयावया करा.

खरंतर यात मार्कशीटची काहीच चूक नाही, ती दुरुस्त करायला धावायची गरजच नव्हती. फॉर्म पासपोर्ट उघडून भरायचा एवढंच. आपल्या पासपोर्टवर मिडल नेमचा वेगळा रकानाच नाही, वडलांचं नाव घातलं असेल तर ते गिव्हन नेममध्येच येतं. शंका असेल तर फोटोच्या पानावर खाली बघा:

```
P<INDKSHIRSAGAR<<VAISHNAVI<SUNIL<<<
```

IND नंतर दोन बाणांपर्यंत आडनाव, पुढचं सगळं गिव्हन नेम. फॉर्मवर मिडलचा रकाना नसेल तर दोन्ही शब्द फर्स्ट नेममध्ये टाकायचे.

स्पेलिंगचं मात्र वेगळं, ते फॉर्ममध्ये सावरत नाही. डिग्रीवर कुणीतरी Vaishanavi केलं, एक a जास्त. दहावी आणि पासपोर्ट बरोबर, म्हणून डिग्रीच बदलायची, तर अर्ज, फी, दहावीची प्रत, ओरिजिनल डिग्री जमा, आणि मग 'साहेब रजेवर आहेत'. तोवर दोन्ही नावं एकाच मुलीची असं अ‍ॅफिडेव्हिट जोडलं, पण ते चालेल की नाही हे तिकडच्यांनी ठरवायचं, म्हणून आधी ईमेल करून विचारलं. उलटं झालं असतं, म्हणजे पासपोर्टच चुकला असता, तर तो रिइश्यू करून मगच पुढचे फॉर्म, कारण व्हिसा त्याच्यावरच लागतो. आमचे एजंट साहेब म्हणाले होते 'होऊन जातं हो', त्यांचं कमिशन तेवढं वेळेत झालं.

आणि जाता जाता, मागच्या महिन्यात पाणीपट्टीवरचं माझं पत्र छापलंत, त्याबद्दल आभार, पण खाली 'क्षिरसागर' छापलंय. दीर्घ आहे हो तो.

सु. क्षीरसागर, सातारा